शीर्षकातील ‘परिणाम’ आणि अभ्यासातील सहसंबंध: एका शोधप्रबंधाचे शीर्षक व बीजशब्द तपासताना

पार्श्वभूमी

शिक्षणशास्त्रातील एक पीएच.डी. प्रबंध सादर होण्यास पाच आठवडे उरले असताना, सादरीकरणपूर्व वाचनासाठी तो माझ्याकडे आला. संशोधक विद्यार्थिनी, तिच्या मार्गदर्शक आणि मी एकाच संशोधन केंद्रातले असलो तरी या विषयाशी माझा आधी काही संबंध आलेला नव्हता. बहिस्थ परीक्षक जसा कोरा येतो तसा मी आलो, एवढीच माझी पात्रता होती. संबंधितांची ओळख पटेल असे तपशील मी येथे वगळले आहेत. अभ्यासाची रचना आणि शब्दांविषयी झालेली चर्चा मात्र जशी झाली तशी दिली आहे.

प्रबंधाचे नोंदणीकृत शीर्षक असे होते: ‘ऑनलाइन वाचनाचा माध्यमिक विद्यार्थ्यांच्या आकलनक्षमतेवर होणारा परिणाम: एक अभ्यास’. सारांशाखाली आठ बीजशब्द दिले होते: शिक्षण, ऑनलाइन शिक्षण, वाचन, आकलनक्षमता, डिजिटल साक्षरता, महासाथ, विद्यार्थी, परिणाम.

प्रबंध म्हणून काम चांगले होते. सहा शाळांमधील इयत्ता सातवीच्या ४१२ विद्यार्थ्यांकडून एक प्रश्नावली भरून घेतली होती आणि त्याच आठवड्यात त्यांची आकलन चाचणी घेतली होती. चाचणीच्या विश्वसनीयतेचे काम नीट केले होते, सांख्यिकी बरोबर होती आणि मर्यादाही प्रामाणिकपणे लिहिल्या होत्या. त्यामुळे पहिले वाचन संपले तेव्हा माझ्या टिपणवहीत किरकोळ दुरुस्त्याच होत्या. शीर्षकाकडे मी दुसऱ्या वाचनात वळलो, आणि खरी अडचण तेथेच निघाली.

अडचण कोठे होती

शीर्षक तपासण्याची माझी रीत अगदी साधी आहे. शीर्षकातील प्रत्येक अर्थवाही शब्दाखाली रेघ मारायची आणि तो शब्द संशोधन पद्धतीच्या प्रकरणात कोणत्या पानावर, कोणत्या साधनाच्या रूपाने येतो ते समासात लिहायचे. संबंधित साहित्याच्या आढाव्यातील पान येथे चालत नाही, कारण आढाव्यात इतरांनी केलेले सगळेच काही येते. शब्दाला पद्धतीत पान सापडले नाही, किंवा सापडलेल्या पानावर वेगळीच गोष्ट निघाली, तर तो शब्द संशयास्पद ठरतो.

‘ऑनलाइन वाचन’ या शब्दाचे पान म्हणजे प्रश्नावलीतील चौथा प्रश्न. तो असा होता: ‘मागील सात दिवसांत मोबाइल, टॅब्लेट किंवा संगणकाच्या पडद्यावर तुम्ही रोज साधारण किती मिनिटे वाचन केले? उतरवून घेतलेली पुस्तके व पीडीएफ यांचाही वेळ धरावा. मित्रांचे संदेश वाचण्याचा वेळ धरू नये.’ म्हणजे मोजला गेला तो पडद्यावरील वाचनाचा, विद्यार्थ्याने स्वतः सांगितलेला वेळ. इंटरनेट चालू असो वा नसो, या प्रश्नाला त्याचे सोयरसुतक नव्हते. उतरवून घेतलेली कादंबरी तासभर वाचणारा मुलगा या अभ्यासात ‘ऑनलाइन वाचक’ ठरत होता, आणि मित्रांशी दिवसभर ऑनलाइन लेखी गप्पा मारणारा मुलगा ठरत नव्हता.

‘माध्यमिक’ या शब्दाची स्थिती आणखी अवघड होती. पहिल्या प्रकरणातील कार्यात्मक व्याख्येत माध्यमिक विद्यार्थी म्हणजे इयत्ता नववी व दहावीचे विद्यार्थी असे लिहिले होते, तर नमुन्यात एकही नववी-दहावीचा विद्यार्थी नव्हता. ‘आकलनक्षमता’ या शब्दाचे पान उघडले तर तेथे चार उताऱ्यांवरील तीस प्रश्नांची चाचणी होती. चारही उतारे माहितीपर होते. कथा, कविता किंवा संवाद एकही नव्हता. शिवाय ही चाचणी कागदावर छापून दिली होती. क्षमता हा शब्द एखाद्या स्थिर, सर्वांगीण गुणाकडे निर्देश करतो. येथे मोजले गेले ते एका प्रकारच्या मजकुराचे, एका माध्यमातले, एका दिवसाचे आकलन.

राहिला ‘होणारा परिणाम’. अभ्यासात कोणताही उपचार दिलेला नव्हता, गट केलेले नव्हते, पूर्वचाचणी नव्हती. सगळी सामग्री एकाच वेळी गोळा केलेली होती. पडद्यावरील वाचनाचा वेळ आणि आकलनाचे गुण यांतील सहसंबंध गुणक −०.२१ आला होता. त्याचा वर्ग केला तर ०.०४४ येतो, म्हणजे गुणांमधील चढउतारांपैकी जेमतेम साडेचार टक्के भाग वेळेतील चढउतारांशी जुळतो. हा दुबळा पण सार्थक ऋण सहसंबंध आहे. तो नोंदवण्याजोगा आहे, मात्र त्याला ‘होणारा परिणाम’ म्हणता येत नाही. ज्या मुलांना लांबलचक छापील मजकूर जड जातो तीच मुले पडद्यावरच्या त्रोटक मजकुराकडे वळत असतील, तर हाच आकडा अगदी उलट दिशेने तयार होतो, आणि या अभ्यासाच्या रचनेतून दोन्ही शक्यता वेगळ्या काढता येत नाहीत.

शेवटचा ‘एक अभ्यास’ हा जोड तर प्रत्येक प्रबंधाला लावता येतो, म्हणून त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

या सगळ्या विसंगतींपैकी मला सर्वात घातक वाटली ती ‘परिणाम’ या शब्दाची नव्हे, तर माध्यमाबाबतची. छापील आणि पडद्यावरील वाचनाच्या तुलनेवर संशोधनाचा एक मोठा, स्वतंत्र प्रवाह आहे; त्यात एकच मजकूर काहींना कागदावर आणि काहींना पडद्यावर वाचायला देऊन आकलनातील फरक पाहतात. ‘ऑनलाइन वाचनाचा आकलनक्षमतेवर परिणाम’ हे शब्द वाचणारा जाणकार हेच गृहीत धरणार की हा प्रबंध त्या प्रवाहातला आहे. प्रत्यक्षात या विद्यार्थ्यांनी चाचणीत पडद्यावर एक ओळही वाचलेली नव्हती. शीर्षकातले इतर दोष अभ्यासाला फार तर मोठा करून दाखवत होते. हा दोष त्याला दुसऱ्याच कुळात नेऊन बसवत होता.

विसंगती शिरली कशी

मार्गदर्शकांशी आणि विद्यार्थिनीशी बोलताना मी पहिला प्रश्न विचारला तो ‘हे शीर्षक कधीचे आहे?’ हा. ते नोंदणीच्या वेळचे होते, म्हणजे सामग्री गोळा होण्याच्या बरेच आधीचे. संशोधन आराखड्याशी ते तंतोतंत जुळत होते, ही गोष्ट तिच्या बाजूने सांगितलीच पाहिजे. आराखड्यात नववी-दहावीचे विद्यार्थी होते, दोन गट होते, एका गटाला संकेतस्थळावरचा आणि दुसऱ्याला छापील मजकूर द्यायचा होता.

नंतर तीन निर्णय झाले, आणि त्या त्या वेळी तिन्ही बरोबर होते. परीक्षेचे वर्ष म्हणून शाळांनी नववी-दहावीचे वर्ग देण्यास नकार दिला आणि सातवीचे वर्ग देऊ केले. पडद्यावर चाचणी घेण्याएवढी उपकरणे कोणत्याच शाळेत एका वेळी मिळेनात, म्हणून चाचणी सर्वांसाठी छापील झाली. त्याबरोबर दोन गटांची कल्पनाही गेली आणि अभ्यास सर्वेक्षणाचा झाला. तिसरा निर्णय प्रश्नावलीच्या पूर्वचाचणीत झाला. ‘इंटरनेटवर किती वेळ वाचता?’ या मूळ प्रश्नावर मुलेच उलट विचारू लागली की, घरी उतरवून घेतलेले पुस्तक शाळेच्या बसमध्ये वाचले तर ते इंटरनेटवरचे म्हणायचे का. तो गोंधळ मिटवण्यासाठी ‘पडद्यावर’ हा शब्द आला.

तिसरा निर्णय मला विशेष उद्बोधक वाटतो. पहिले दोन बदल मोठे होते आणि त्यांचा उल्लेख प्रगती अहवालात झाला होता. तिसरा बदल प्रश्नावलीतील एका शब्दाचा होता. त्याची नोंद फक्त साधननिर्मितीच्या परिच्छेदात एका वाक्यात होती. पण त्या एका शब्दाने अभ्यासाचे मुख्य चलच बदलले होते, आणि प्रबंधाच्या पहिल्या पानावर जुने चल तसेच राहिले होते. विद्यार्थिनी म्हणाली, “सर, प्रश्न सुधारला हे लक्षात होते, विषय बदलला हे लक्षात आले नाही.” यापेक्षा नेमके मला सांगता आले नसते.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय होता शीर्षक तसेच ठेवून मर्यादांच्या भागात खुलासा करण्याचा. मार्गदर्शकांचा सुरुवातीचा कल याच बाजूला होता, कारण शीर्षक बदलणे म्हणजे अर्ज, समितीची मान्यता आणि गेलेला वेळ. या पर्यायाविरुद्ध माझे म्हणणे असे होते की शीर्षक एकटे फिरते. ग्रंथालयाच्या तालिकेत, शोधाच्या निकालांत, दुसऱ्याच्या संदर्भसूचीत फक्त शीर्षक दिसते. मर्यादांचा परिच्छेद त्याच्याबरोबर जात नाही. एकशे ऐंशीव्या पानावरचा खुलासा पहिल्या पानावरची चूक दुरुस्त करू शकत नाही. शिवाय परीक्षकाच्या हातात आपणच वाक्य दिल्यासारखे होते: मर्यादांमध्ये कार्यकारणभाव सिद्ध होत नाही असे लिहायचे आणि शीर्षकात परिणाम म्हणायचे.

दुसरा पर्याय होता अभ्यासच शीर्षकाजवळ नेण्याचा, म्हणजे छोटा प्रयोग करून तो जोडण्याचा. त्यावर आम्ही दहा मिनिटेही घालवली नाहीत. घाईत जोडलेला प्रयोग चांगल्या सर्वेक्षणालाही खाली ओढतो.

तिसरा पर्याय मात्र खरोखर मोहात पाडणारा होता. मार्गदर्शकांनी सुचवले की शीर्षक आखूड आणि निर्धोक करावे: ‘पडद्यावरील वाचन आणि आकलन’. यात खोटे काहीच नव्हते. परिणामाचा दावा गेला, चुकीची इयत्ता गेली, ऑनलाइन हा शब्दही गेला. अचूकतेच्या कसोटीवर ते उतरत होते, आणि म्हणूनच त्यातली उणीव चटकन दिसत नव्हती.

ती दाखवण्यासाठी मी एक खेळ केला, जो मी एरवीही करतो. या शीर्षकाखाली बसतील असे, आपला सोडून, किती अभ्यास कागदावर मांडता येतात ते पाहायचे. पहिला: एकच मजकूर कागदावर आणि पडद्यावर देऊन केलेली तुलना. दुसरा: दुवे पार करत माहिती शोधताना विद्यार्थी मजकूर कसा समजून घेतात याचे निरीक्षण. तिसरा: अक्षरांचा आकार आणि पडद्याची उजळता बदलली की आकलन बदलते का याचा प्रयोग. तिन्ही अभ्यास आपल्याहून पूर्ण वेगळे, आणि तिघांनाही हे शीर्षक चपखल बसते. जे शीर्षक परक्या तिघांना इतके सहज बसते ते चुकीचे नसले तरी पुरेसे विशिष्ट नसते. अचूकता आणि विशिष्टता या दोन वेगळ्या कसोट्या आहेत, आणि एका चुकीच्या शीर्षकातून सुटका करून घेताना माणूस हटकून दुसऱ्या टोकाला, म्हणजे निर्धोक पण अस्पष्ट शीर्षकाकडे जातो.

चौथा पर्याय म्हणजे शीर्षक अभ्यासाप्रमाणे नव्याने बांधणे. तोच स्वीकारला, पण त्यातही एका शब्दावर गाडी अडली.

‘परिणाम’ सोडण्याचा निर्णय

मार्गदर्शकांचा युक्तिवाद असा होता की विद्यार्थिनी केवळ सहसंबंध काढून थांबलेली नाही. बहुगुणित प्रतिगमन करून पालकांचे शिक्षण आणि घरातील पुस्तकांची संख्या ही दोन चले नियंत्रित केली आहेत, आणि तरीही वेळेचा प्रमाणित गुणक −०.१४ इतका सार्थक उरला आहे. मग ‘परिणाम’ म्हणायला हरकत काय? प्रतिगमनाच्या सांख्यिकीय भाषेतही त्या गुणकाला चलाचा परिणाम म्हणण्याची प्रथा आहे, हेही त्यांनी दाखवून दिले आणि ते खरे आहे.

यावर मी दोन गोष्टी मांडल्या. नियंत्रित केलेली चले दोनच होती, आणि ज्या चलाचा सर्वाधिक संशय येतो ते, म्हणजे विद्यार्थ्याचे आधीचे आकलन, मोजलेलेच नव्हते. त्यामुळे उलट दिशेची शक्यता प्रतिगमनानंतरही जशीच्या तशी शिल्लक होती. दुसरे असे की सांख्यिकीच्या कोष्टकातला ‘परिणाम’ आणि शीर्षकातला ‘परिणाम’ हे शब्द दिसायला एक असले तरी वाचक वेगळे आहेत. कोष्टक वाचणाऱ्याला रचना ठाऊक असते; शीर्षक वाचणाऱ्याला नसते, आणि तो सरळ अर्थ घेतो की पडद्यावर वाचले की आकलन घटते.

निरीक्षणात्मक अभ्यासांच्या लेखनासाठी आरोग्यविज्ञानात स्ट्रोब नावाची तपाससूची वापरतात. तिच्या पहिल्याच कलमात अभ्यासाची रचना प्रचलित संज्ञेने शीर्षकात किंवा सारांशात सांगावी असे म्हटले आहे. शिक्षणशास्त्राच्या प्रबंधाला ती बंधनकारक नाही, पण आमची कोंडी फोडायला ती उपयोगी पडली. चर्चा ‘हा शब्द कमीपणा आणतो का’ यावरून ‘रचना वाचकाला कोठे सांगायची’ यावर आली. मार्गदर्शकांची खरी धास्ती हीच होती की ‘सहसंबंधात्मक’ म्हटले की काम लहान दिसेल. ती धास्ती मी खोडून काढू शकलो नाही. तसे वाटणारे वाचक असतात. पण परिणाम वाचून आत आलेल्या परीक्षकाला सहसंबंध सापडला की काम त्याहूनही लहान दिसते, एवढे त्यांनी मान्य केले.

ठरलेले शीर्षक असे: ‘पडद्यावरील वाचनाला दिलेला वेळ आणि छापील माहितीपर मजकुराचे आकलन: इयत्ता सातवीच्या विद्यार्थ्यांमधील सहसंबंधात्मक अभ्यास’. जुने शीर्षक नऊ शब्दांचे होते, हे चौदा शब्दांचे झाले. वाढलेला प्रत्येक शब्द कोणता तरी गैरसमज अडवतो का, हे आम्ही शब्द काढून पाहून तपासले. ‘छापील’ काढला की तुलनेच्या प्रवाहाचा गैरसमज परत येतो. ‘वेळ’ काढला की वाचनाचा दर्जा किंवा प्रकार मोजला असावा असे वाटते. ‘स्वनिवेदित’ हा शब्द मला वेळेच्या आधी हवा होता; तो घातला तेव्हा शीर्षक वाचताना धाप लागू लागली, म्हणून तो सारांशाच्या दुसऱ्या वाक्यात गेला. शोधाच्या निकालात लांब शीर्षके मध्येच तुटतात, म्हणून दोन्ही चले अपूर्णविरामाच्या आधी आणि इयत्ता व रचना नंतर अशी मांडणी ठेवली.

बीजशब्दांची तपासणी

बीजशब्दांकडे बहुतेक संशोधक सादरीकरणाच्या आदल्या रात्री वळतात, आणि ही यादी तशीच दिसत होती. प्रत्येक शब्द आम्ही प्रबंधाच्या फाइलमध्ये शोधून कोणत्या प्रकरणात किती वेळा येतो ते पाहिले. ‘डिजिटल साक्षरता’ साहित्याच्या आढाव्यात सात वेळा होती आणि त्यानंतर एकदाही नव्हती. ती मोजलेलीच नव्हती. ‘महासाथ’ फक्त प्रास्ताविकातल्या एका वाक्यात होती. ‘ऑनलाइन शिक्षण’ तर वेगळाच विषय. ते शब्द शोधून जो या प्रबंधापर्यंत येईल तो दोन मिनिटांत निराश होऊन परत जाईल, आणि त्याचा दोष त्याचा नसेल. ‘शिक्षण’, ‘विद्यार्थी’ आणि ‘वाचन’ हे शब्द चुकीचे नव्हते, पण शिक्षणशास्त्राच्या संग्रहात ‘शिक्षण’ हा बीजशब्द टाकणे म्हणजे समुद्रात पाण्याची खूण करणे.

नवी यादी करताना एक तत्त्व ठेवले: शीर्षकातले शब्द शोधात बहुधा आपोआप सापडतात, म्हणून बीजशब्दांनी शीर्षकात न बसलेले तेच अर्थ दुसऱ्या नावाने सांगावेत. वाचक ‘पडद्यावरील वाचन’ असे शोधेलच असे नाही. तो ‘डिजिटल वाचन’ किंवा ‘स्क्रीनवरील वाचन’ असेही टंकित करील. आकलनासाठी ‘वाचन आकलन’ ही रुळलेली संज्ञा आहे. अंतिम यादी सहा शब्दांची झाली: स्क्रीनवरील वाचन, डिजिटल वाचन, वाचन आकलन, वाचनसवयी, उच्च प्राथमिक स्तर, स्वनिवेदित सर्वेक्षण. शीर्षकातून वगळलेला ‘स्वनिवेदित’ येथे जागेवर बसला.

यातल्या ‘डिजिटल वाचन’बद्दल मला आजही किंचित शंका आहे, कारण काही अभ्यासांत ही संज्ञा डिजिटल मजकूर वाचण्याच्या कौशल्यासाठी वापरतात, वेळेसाठी नाही. पण ती वगळली असती तर प्रबंध शोधणाऱ्या अनेकांच्या हाती लागला नसता. येथे आम्ही अचूकतेपेक्षा सापडण्याला झुकते माप दिले, आणि ते जाणूनबुजून दिले.

इंग्रजी सारांशासाठी इंग्रजी बीजशब्दही लागत होते, आणि तेथे एक मजेशीर सापळा निघाला. विद्यार्थिनीने पडद्यावरील वाचनासाठी `screen reading` लिहिले होते. तो शब्द शोधून पाहिला तर वरच्या निकालांत अंध व्यक्तींना पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवरचे लेख आले, कारण त्या सॉफ्टवेअरला `screen reader` म्हणतात. भाषांतर शब्दशः बरोबर होते आणि तरीही प्रबंध भलत्याच शेजारात गेला असता. त्याऐवजी `reading on screen` आणि `digital reading` घेतले. बाकीच्या शब्दांसाठी एरिक या शिक्षणविषयक माहितीसंग्रहाचा संज्ञाकोश उघडला. त्यात `Reading Comprehension`, `Reading Habits`, `Correlation` आणि `Grade 7` या नियत संज्ञा मिळाल्या, त्या जशाच्या तशा घेतल्या.

केलेली कार्यवाही

शीर्षकबदल किरकोळ मानायचा की औपचारिक, हा आणखी एक निर्णयाचा क्षण होता. या संस्थेत शब्दरचनेतील किरकोळ बदल मार्गदर्शकांच्या पत्रावर होतो आणि व्याप्ती बदलत असेल तर संशोधन समितीची मान्यता लागते. अभ्यास बदललेला नाही, फक्त नाव बदलते आहे, असे म्हणून पत्रावर काम भागवता आले असते. पण नोंदणीकृत शीर्षकाच्या तुलनेत चल, नमुना आणि रचना तिन्ही बदलत होते. पुढे कोणी नोंदी समोरासमोर ठेवल्या तर ‘किरकोळ’ हा शब्द टिकला नसता. आम्ही समितीकडे गेलो. तिन्ही बदल कधी आणि का झाले याचे एक पानी टिपण जोडले. मान्यतेला तीन आठवडे लागले.

त्या तीन आठवड्यांत मजकुरातले काम झाले, आणि ते अपेक्षेपेक्षा जास्त निघाले. शीर्षक बदलले की उद्दिष्टे, परिकल्पना आणि निष्कर्ष यांची भाषाही बदलावी लागते. पहिली शून्य परिकल्पना ‘ऑनलाइन वाचनाचा आकलनक्षमतेवर सार्थक परिणाम होत नाही’ अशी होती. ती ‘पडद्यावरील वाचनाला दिलेला वेळ आणि छापील माहितीपर मजकुराच्या आकलनाचे गुण यांत सार्थक सहसंबंध नाही’ अशी झाली. सांख्यिकी चाचणी तीच राहिली, कारण ती आधीपासून सहसंबंधाचीच होती.

विद्यार्थिनीने वेळ वाचवण्यासाठी ‘परिणाम’ शोधून सर्वत्र ‘सहसंबंध’ घालण्याचा आदेश संगणकाला दिला. संध्याकाळी तिने फाइल पाठवली तेव्हा एका परिच्छेदाची सुरुवात ‘सहसंबंधी, विद्यार्थ्यांचा प्रतिसाद कमी आला’ अशी होती. मराठीत ‘परिणामी’ आहे, ‘दुष्परिणाम’ आहे, आणि ‘चाचणीचे परिणाम’ म्हणजे नुसता निकाल आहे. शिवाय आढाव्यात ज्यांनी खरेच प्रयोग केले होते त्यांच्या संदर्भात परिणाम हाच शब्द योग्य होता. जुनी फाइल पुन्हा उघडून प्रत्येक ठिकाण हाताने पाहावे लागले. शेवटच्या प्रकरणात हा शब्द ३७ वेळा होता. २२ ठिकाणी तो इतरांच्या प्रयोगांविषयी होता म्हणून राहिला, १५ ठिकाणी स्वतःच्या निष्कर्षांविषयी होता म्हणून गेला.

फलित

प्रबंध ठरलेल्या मुदतीत सादर झाला. मौखिक परीक्षेत कार्यकारणभावाविषयी एकच प्रश्न आला आणि विद्यार्थिनीने उलट दिशेची शक्यता स्वतःहून मांडली, कारण शीर्षकाच्या चर्चेत ती तिच्या पुरती अंगवळणी पडली होती. एका परीक्षकाने मात्र असे विचारले की सहा शाळा सोयीने निवडलेल्या असताना शीर्षकातील ‘इयत्ता सातवीचे विद्यार्थी’ म्हणजे नेमके कोठले? शहराचे नाव शीर्षकात घालावे का, याची चर्चा आमच्यात झाली होती आणि लांबीच्या धास्तीने आम्ही ते सारांशात ढकलले होते. त्यांचा मुद्दा रास्त होता.

एक चूक तर सर्वांच्या नजरेतून सुटली. मराठी शीर्षक बदलले, मुखपृष्ठ, प्रतिज्ञापत्र, प्रमाणपत्र आणि पानांवरचे शीर्षलेख बदलले. परंतु सादरीकरणाच्या अर्जातील इंग्रजी शीर्षक जुन्याचेच भाषांतर राहिले, त्यात ‘इम्पॅक्ट’ आणि ‘ऑनलाइन’ हे दोन्ही शब्द होते. संग्रहात चढवताना ग्रंथपालांनी दोन शीर्षके जुळत नसल्याचे कळवले, म्हणून निभावले. त्यांनी कळवले नसते तर इंग्रजीतून शोधणाऱ्याला आमची सगळी मेहनत दिसलीच नसती.

आज पाहता वेगळे काय केले असते

शहराचे नाव मी शीर्षकात घेतले असते आणि जागा हवी म्हणून ‘विद्यार्थ्यांमधील’ हा शब्द सोडला असता. सातवी म्हटले की विद्यार्थी आलेच. दोन्ही भाषांतील शीर्षके आणि बीजशब्द एकाच पानावर शेजारी ठेवून तपासले असते.

वेळेबाबतही एक बदल आता आमच्या केंद्रात केला आहे. प्रश्नावली किंवा चाचणी पूर्वचाचणीनंतर अंतिम होते त्या दिवशी संशोधक नोंदणीकृत शीर्षक साधनाच्या वर लिहितो आणि शब्दांखाली रेघा मारून प्रश्न क्रमांक टाकतो. या प्रकरणात ते केले असते तर ‘ऑनलाइन’ या शब्दाला चौथ्या प्रश्नाशी जोडतानाच हात अडखळला असता, आणि समितीकडे जायला तीन आठवडे नव्हे, दीड वर्ष हाताशी असते.

मार्गदर्शकांचे आणि माझे एका बाबतीत अजूनही जुळलेले नाही. दोन चले ‘आणि’ या शब्दाने जोडली की संबंधाचाच दावा होतो, म्हणून ‘सहसंबंधात्मक’ हा शब्द अनावश्यक होता, असे त्या म्हणतात. माझ्या मते ‘आणि’ वाचूनही लोक मनात बाण काढतात, आणि या विषयात तर पालक, शिक्षक सगळेच तो बाण आधीच काढून बसलेले असतात.